पत्ता सांगणारा गुणाकार

रेल्वेच्या भाषेत KOP म्हणजे कोल्हापूर, SUR म्हणजे सोलापूर आणि MAO म्हणजे मडगाव. देशात सात हजारांहून जास्त स्थानकं आहेत आणि प्रत्येकाला असा एक आखूड कोड आहे. समजा, कोड दिल्यावर स्थानकाचं पूर्ण नाव सांगणारा एक छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे यादी करायची आणि वरून खाली वाचत जायचं. हवा तो कोड कधी पहिल्याच ओळीत भेटेल, कधी अगदी शेवटी; सरासरी काढली तर दर वेळी साडेतीन हजार कोड तपासावे लागतील. यादी वर्णानुक्रमे लावली की बरीच सुधारणा होते. मधला कोड बघायचा, आपला कोड त्याच्या आधी येतो की नंतर ते ठरवायचं, नको ती अर्धी यादी सोडून द्यायची आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा मधला बघायचा. असं फार तर तेरा वेळा केलं की सात हजारांतला कोणताही कोड हाती लागतो.

तेरा हा आकडा काही वाईट नाही. पण हॅश टेबल नावाची रचना हेच काम बहुतेक वेळा एकदोन तपासण्यांत उरकते. शिवाय नोंदी सात हजारांवरून एक कोटीवर गेल्या, तर वर्णानुक्रमाच्या यादीला चोवीस तपासण्या लागू शकतात. हॅश टेबलला मात्र पूर्वीइतक्याच एकदोन पुरतात. यात जादू नाही. हॅश टेबल मुळात शोधतच नाही. नोंद कुठे असायला हवी याचा ती हिशेब करते आणि थेट तिथे जाते.

हे शक्य होतं ते संगणकाच्या मेमरीच्या रचनेमुळे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, तोच त्याचा पत्ता. एकसारख्या आकाराचे कप्पे ओळीने शेजारी शेजारी ठेवले की त्याला प्रोग्रामर ॲरे म्हणतात. पहिला कप्पा ५००० या पत्त्यावर आहे आणि प्रत्येक कप्पा ८ बाइटचा आहे असं धरू. कप्पे शून्यापासून मोजायची रीत आहे, तेव्हा ९ क्रमांकाचा कप्पा ५००० अधिक ९ गुणिले ८, म्हणजे ५०७२ या पत्त्यावर असणार. आधीच्या नऊ कप्प्यांत काय आहे हे बघायची गरजच पडत नाही. कप्पा नववा असो की नव्वद लाखावा, एक गुणाकार आणि एक बेरीज एवढंच काम.

अडचण एकच. माणूस ‘नववा कप्पा’ असं विचारत नाही, PUNE असं विचारतो. ज्या मजकुरावरून नोंद काढायची त्याला प्रोग्रामर ‘की’ म्हणतात. इथे त्याला किल्ली म्हणू. अक्षरांच्या किल्लीपासून कप्प्याचा क्रमांक काढून देणारं सूत्र हवं, आणि ते म्हणजे हॅश फंक्शन. त्याचा एक साधा नमुना पायथनमध्ये असा लिहिता येईल:

```python
def hash_ank(code):
    h = 0
    for akshar in code:
        h = h * 31 + ord(akshar)
    return h

hash_ank("KOP") % 11   # 2
```

संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर हा एक आकडाच असतो. K म्हणजे ७५, O म्हणजे ७९ आणि P म्हणजे ८०. ७५ ला ३१ ने गुणून ७९ मिळवले की २४०४ येतात. त्यांना पुन्हा ३१ ने गुणून ८० मिळवले की ७४६०४. आता कप्पे अकराच असतील, तर या संख्येला ११ ने भागायचं आणि बाकी घ्यायची. बाकी उरते २, म्हणून कोल्हापूरची नोंद दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात. नंतर कधीही कोणी KOP विचारलं की हाच हिशेब पुन्हा होतो, पुन्हा २ च येतात आणि प्रोग्राम सरळ तो कप्पा उघडतो.

३१ ने गुणण्याचा खटाटोप कशासाठी? नुसती बेरीज केली असती तर त्याच अक्षरांची कितीही उलटापालट झाली तरी उत्तर तेच आलं असतं. SUR आणि RUS एकाच कप्प्यात जाऊन पडले असते. गुणाकारामुळे अक्षराच्या जागेलाही वजन येतं. ही कृती पाठ्यपुस्तकापुरती नाही. जावा भाषेत मजकुराचा हॅश काढताना हेच ३१ चं सूत्र वापरलं जातं. फरक इतकाच की तिथे उत्तर ३२ बिटांत मावेल एवढंच ठेवतात, आणि कप्प्यांची संख्या ११ सारखी न घेता १६, ३२, ६४ अशी दुपटीत ठेवतात, कारण मग भागाकार न करता बाकी काढता येते.

याच सूत्राने आणखी काही स्थानकं लावून पाहू. PUNE चा हॅश २४६७४५२ येतो, बाकी ९. नागपूरच्या NGP ची बाकी ८, नाशिकरोडच्या NK ची ७, मडगावच्या MAO ची ४, मुंबईच्या CSMT ची १. इथवर प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा मिळाला. मग सोलापूर येतं. SUR चा हॅश ८२४८० आणि ११ ने भागल्यावर बाकी २. त्या कप्प्यात कोल्हापूर आधीच बसलेलं आहे.

अकरापैकी पाच कप्पे अजून रिकामे असताना ही धडक झाली, म्हणून सूत्र वाईट असं कोणालाही वाटेल. पण सूत्र कितीही निःपक्षपाती असलं, तरी अकरा कप्प्यांत सात नोंदी कशाही उधळल्या तर कुठेतरी दोघी एकत्र येण्याची शक्यता शंभरात एक्क्याण्णवहून जास्त आहे. धडक हा अपवाद नसून नियम आहे. हॅश टेबलची सगळी कारागिरी धडक झाल्यावर काय करायचं यात आहे.

यावरचा एक जुना उपाय हान्स पीटर लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये आयबीएममधल्या एका अंतर्गत टिपणात लिहून ठेवला. लून मूळचे जर्मनीचे. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा अंक तपासण्याची जी रीत आज जगभर चालते, तीही त्यांचीच. त्यांचा उपाय असा, की कप्प्यात एकच नोंद मावते हा आग्रह सोडायचा. एकाच कप्प्यात आलेल्या नोंदी साखळीसारख्या एकीला एक जोडून ठेवायच्या. दोन क्रमांकाच्या कप्प्यात आधी कोल्हापूर, त्याला जोडून सोलापूर. मात्र त्यासाठी कप्प्यात फक्त ‘कोल्हापूर’ लिहून भागत नाही, सोबत KOP ही मूळ किल्लीही ठेवावी लागते. कोणी SUR विचारलं की प्रोग्राम दुसऱ्या कप्प्यात जातो, तिथली पहिली किल्ली KOP दिसते, ती जुळत नाही, पुढची SUR जुळते. दोन तपासण्यांत काम झालं.

टेबलात नसलेली नोंदही याच रीतीने चटकन नाकारता येते. रत्नागिरीचा RN कोड या यादीत घातलेला नाही. त्याचा हॅश २६२०, बाकी योगायोगाने पुन्हा २. प्रोग्राम दुसरा कप्पा उघडतो, KOP आणि SUR बघतो, साखळी संपते आणि ‘नाही’ असं उत्तर मिळतं. रत्नागिरी असतं तर इथेच असतं, म्हणून उरलेले दहा कप्पे चाळण्याचं कारण नाही. साध्या यादीत एखादी गोष्ट नाही हे ठरवायला संपूर्ण यादी वाचावी लागली असती.

दुसरा एक उपायही लवकरच पुढे आला आणि पायथनची dict ही रचना आज त्याच कुळातली आहे. त्यात साखळी नसते. ठरलेला कप्पा भरलेला असेल तर एका नक्की नियमाने पुढचा कप्पा बघायचा, तोही भरलेला असेल तर त्याच्या पुढचा. रिकामा मिळेल तिथे नोंद ठेवायची. शोधतानाही याच वाटेने जायचं आणि रिकामा कप्पा लागला की थांबायचं. यात एक खोच आहे. समजा सोलापूरची नोंद कोल्हापूरला ओलांडून तिसऱ्या कप्प्यात बसली आणि नंतर कोल्हापूरची नोंद पुसली. आता SUR शोधणारा दुसऱ्या कप्प्याशी येतो, तो रिकामा पाहतो आणि सोलापूर नाहीच असं सांगून मोकळा होतो, जरी ते शेजारीच असलं तरी. म्हणून अशा टेबलात पुसलेला कप्पा कोरा ठेवत नाहीत. ‘इथे पूर्वी कोणी होतं, पुढे बघा’ अशी खूण तिथे सोडतात. पहिल्यांदा स्वतःची हॅश टेबल लिहिणारे विद्यार्थी हमखास इथे फसतात, आणि चूक लगेच कळतही नाही, कारण पुसण्याची वेळ येईपर्यंत सगळं बरोबर चाललेलं असतं.

आता वेगाच्या मूळ प्रश्नाकडे. याच अकरा कप्प्यांत देशातली सात हजार स्थानकं कोंबली तर प्रत्येक साखळी सहाशेहून जास्त नोंदींची होईल आणि सगळा फायदा बुडेल. वेग टिकतो तो नोंदींच्या प्रमाणात कप्पे वाढवत नेल्यामुळे. जावाच्या HashMap मध्ये सुरुवातीला १६ कप्पे असतात आणि नोंदींची संख्या कप्प्यांच्या तीन-चतुर्थांशाच्या वर गेली की कप्पे दुप्पट केले जातात. म्हणजे एका कप्प्यामागे सरासरी एकाहून कमी नोंद राहते, टेबलात बारा नोंदी असोत की बारा लाख. शोधण्याचा खर्च नोंदींच्या एकूण संख्येवर अवलंबून राहत नाही तो एवढ्याचसाठी. त्याची किंमत मेमरीत मोजली जाते: काही कप्पे कायम रिकामे ठेवावे लागतात.

कप्पे वाढले की भाजक बदलतो आणि भाजक बदलला की सगळ्यांचे पत्ते बदलतात. आपल्या उदाहरणात ११ च्या जागी २३ कप्पे केले तर ७४६०४ ची बाकी १५ येते आणि ८२४८० ची २. कोल्हापूर आणि सोलापूर वेगळे झाले, पण त्यासाठी प्रत्येक नोंद उचलून नव्या जागी नेऊन ठेवावी लागली. हे महागडं वाटतं, आणि त्या एका क्षणापुरतं ते महागडं असतंही. पण दर वेळी दुप्पट करायचं असल्याने असे क्षण विरळ होत जातात. शेवटच्या स्थलांतरात जितक्या नोंदी हलल्या त्याच्या साधारण निम्म्या त्याआधी, त्याच्या निम्म्या त्याही आधी. सगळी हलवाहलव जमेस धरली तरी ती एकूण नोंदींच्या दुपटीपलीकडे जात नाही. कप्पे दर वेळी दहा-दहाने वाढवले असते तर हा हिशेब पार कोलमडला असता. तरीही तो एक संथ क्षण काही ठिकाणी परवडत नाही. रेडिस हा डेटाबेस त्यासाठी जुनं आणि नवं अशी दोन्ही टेबलं काही काळ सोबत बाळगतो आणि नोंदी थोड्या थोड्या करून नव्यात नेतो.

इथवर एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे: किल्ल्या कप्प्यांमध्ये बऱ्यापैकी सारख्या पसरतील. हॅश टेबलचा वेग हा सरासरीचा वेग आहे. कोणी मुद्दाम वाईट किल्ल्या निवडल्या तर?

जावाचं ३१ चं सूत्र घेऊन Aa आणि BB यांचा हॅश काढून बघावा. A म्हणजे ६५ आणि a म्हणजे ९७. ६५ गुणिले ३१ अधिक ९७ बरोबर २११२. B म्हणजे ६६. ६६ गुणिले ३१ अधिक ६६ बरोबर पुन्हा २११२. हॅशच एक असल्यामुळे कप्पे कितीही वाढवले तरी हे दोघे वेगळे होणार नाहीत. शिवाय यांना एकमेकांपुढे जोडलं की AaAa, AaBB, BBAa, BBBB हे चारही सारखे. अशा सोळा जोड्या लावल्या की ३२ अक्षरांचे ६५,५३६ वेगवेगळे शब्द तयार होतात आणि सगळ्यांचा हॅश एकच. हे सगळे एकाच साखळीत जातात. प्रत्येक नवा शब्द घालताना तो आधी आहे का हे बघायला अख्खी साखळी चालावी लागते, आणि शेवटचा शब्द घालून होईपर्यंत सुमारे २१४ कोटी तुलना झालेल्या असतात. नीट पसरलेल्या किल्ल्यांना एवढ्याच कामासाठी लाखभराच्या आसपास पुरल्या असत्या.

वेबसाइटवरचा फॉर्म भरून पाठवला की सर्व्हर त्यातली रकान्यांची नावं आणि त्यांतला मजकूर बहुधा एका हॅश टेबलात ठेवतो, आणि ती नावं काय असावीत हे पाठवणाऱ्याच्या हातात असतं. दोन-अडीच मेगाबाइटचा असा एक फॉर्म पाठवला की सर्व्हरचा प्रोसेसर तुलना करण्यातच अडकून पडतो. हा धोका स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक या संशोधकांनी २००३ मध्येच दाखवला होता. पर्ल भाषेच्या मंडळींनी तो तेव्हाच मनावर घेतला, बाकीच्यांनी नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान व्हेल्डे यांनी पीएचपी, जावा, पायथन, रुबी, एएसपी डॉट नेट अशी बरीच मोठी नावं याच युक्तीने गुडघ्यावर येतात हे मांडलं. मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न बघता २९ डिसेंबरलाच दुरुस्ती बाहेर काढली. आठ वर्षं समोर असलेल्या इशाऱ्याकडे झालेलं दुर्लक्ष आळसाचं होतं, असंच म्हणावं लागेल.

दुरुस्ती दोन दिशांनी झाली. पहिली, हॅशच्या सूत्रात एक गुप्त आकडा मिसळायचा आणि तो प्रोग्राम सुरू होताना नव्याने निवडायचा. मग कोणत्या किल्ल्या एकमेकींवर आदळतील हे बाहेरच्याला आधी ठरवता येत नाही. यासाठी २०१२ मध्ये जाँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी सिपहॅश नावाचं सूत्र रचलं आणि पायथनने ते २०१४ मध्ये आपलंसं केलं. आज पायथनमध्ये `hash("PUNE")` लिहून बघितलं, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला आणि परत तेच लिहिलं, तर उत्तर वेगळं येतं. त्यामुळे हा आकडा फाईलमध्ये साठवून दुसऱ्या दिवशी वापरू पाहणारा फसतो. जावाला आपलं ३१ चं सूत्र बदलता आलं नाही, कारण ते भाषेच्या अधिकृत वर्णनातच छापलेलं आहे. तिथे २०१४ पासून एका कप्प्यातली साखळी फार लांबली की तिच्या जागी क्रमाने लावलेली झाडासारखी रचना उभी केली जाते. धडका होतातच, पण ६५ हजारांच्या गर्दीतही मग काही मोजक्या तुलना पुरतात.

मराठीत काम करणाऱ्यांना मात्र हल्लेखोराची गरज पडत नाही. घोटाळा कीबोर्डातूनच येतो. ‘कऱ्हाड’ हे नाव किल्ली म्हणून वापरलं असं समजू. यातला अर्धा र संगणकात एकाहून जास्त प्रकारे उमटू शकतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह, तिसऱ्यात र खाली नुक्ता आणि मग हलन्त. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. हॅश फंक्शनला मात्र दिसणं माहीत नसतं, ते आकडे गुणतं. म्हणून एका कीबोर्डाने भरलेली नोंद दुसऱ्या कीबोर्डाने विचारली की ‘नाही’ असं उत्तर येतं. ते नाव तर टेबलात डोळ्यांना दिसत असतं, मग माणूस चक्रावतो. ओळखायची खूण सोपी आहे: `len()` लावून अक्षरं मोजावीत. पहिल्या प्रकारात ६ येतात, इतर दोघांत ७. युनिकोडच्या एनएफसी नावाच्या प्रमाणीकरणाने तिसरा प्रकार पहिल्यासारखा होतो. अदृश्य जोडचिन्हाचा मात्र त्यानेही होत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. आणि हे सगळं किल्ली टेबलात जाण्यापूर्वी करायचं असतं, नंतर नव्हे.

एवढं असूनही काही प्रश्न हॅश टेबलला विचारायचेच नसतात. K पासून M पर्यंतचे सगळे कोड द्या, असं म्हटलं तर ती हतबल होते. चांगलं हॅश फंक्शन जवळच्या किल्ल्यांना मुद्दाम दूर फेकतं, त्यामुळे कोणत्या कोडनंतर कोणता येतो ही माहिती टेबलात कुठेच शिल्लक राहत नाही. सगळे कप्पे उघडून, हवे ते निवडून, पुन्हा क्रम लावण्याखेरीज इलाज नसतो. एक तारखेपासून दहा तारखेपर्यंतची बिलं किंवा ‘पा’ ने सुरू होणारी आडनावं, हे त्याच जातीचे प्रश्न. डेटाबेस वापरणाऱ्यांना असलेच प्रश्न दिवसभर पडतात. म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नुसतं `CREATE INDEX` म्हटलं तर क्रम राखणारी बी-ट्री तयार होते. हॅशवर आधारलेली सूची हवी असेल तर त्यात `USING hash` असं वेगळं लिहून मागावं लागतं.